पानावरची पाच बोटे

आमच्या गावाचे नाव वरठी. परंतु फलाटावरील पाटीवर ‘भंडारा रोड’ असे लिहिलेले आहे, आणि त्या अक्षरांवर विसंबून गाडीतून उतरणाऱ्या नवख्या प्रवाशाला स्टेशनाबाहेर येऊन ऑटोवाल्याशी भाव करताना प्रथमच समजते की भंडारा शहर येथून आणखी दहाएक किलोमीटरवर आहे. या पाटीची आठवण मला अलीकडे एका निराळ्याच संदर्भात वारंवार होते. मोहाडी तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे इंग्रजी शिकवून मी सेवानिवृत्त झालो, आणि तेव्हापासून शनिवारी सायंकाळी माझ्या ओसरीवर चार-सहा प्रौढ माणसे इंग्रजी पुस्तके वाचण्यासाठी जमतात. कोणी कारखान्यातले, कोणी बँकेतले, एक परिचारिका, एक तलाठी. ही सर्व मंडळी इंग्रजीच्या बाबतीत अशा मधल्या फलाटावर उतरलेली आहेत की ज्यांना मुळाक्षरे आणि व्याकरणाचे तक्ते यांचे काही कारण उरलेले नाही, आणि तरीही ज्यांचे मुक्कामाचे शहर अद्याप दूर आहे. मधला हा रस्ता कोणत्या पुस्तकांनी काटावा, याचा थोडाफार पडताळा मला ज्या एका वाचकामुळे आला, त्याची हकिकत येथे सांगतो.

हा गृहस्थ येथील पोलादाच्या कारखान्यात फिटर आहे. वय चाळिशीच्या आतबाहेर. वैनगंगेकाठच्या एका गावातील ढिवर कुटुंबातला. बारावी आणि त्यानंतर आयटीआय. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. हा त्यापूर्वीचा, म्हणजे ए-बी-सी-डी पाचवीत गिरवलेल्या पिढीचा. यंत्राबरोबर येणारी पुस्तिका तो वाचतो, बैठकीत साहेब लोक काय बोलतात ते समजतो, प्रसंगी दोन वाक्ये बोलतोही. प्रथम आला तेव्हा त्याने आपली कैफियत फार नेमकी मांडली.

“सर, मॅन्युअल वाचता येते. पर गोष्टीचं पुस्तक हाती घेतलं का तिसऱ्या ओळीत झोप येते. शब्द तं अर्धेअधिक वळखीचे हायेत, पर काय चाललं हाय ते समजून नाही राह्यलं.”

त्याच्या हातात डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ची एक बारीकशी, रंगीत मुखपृष्ठाची आवृत्ती होती, आणि तिच्यावर ‘अब्रिज्ड’ असा शब्द मोठ्या डौलाने छापलेला होता. प्रवासात कुठेतरी साठ रुपयांत घेतलेली. पुस्तक लहान, म्हणून सोपे, असा त्याचा सरळ हिशेब होता. आणि खरे सांगायचे तर शाळेच्या वाचनालयासाठी खरेदी करताना मीही कित्येक वर्षे हाच हिशेब करीत आलो होतो. मी त्याला पेन्सिल दिली आणि म्हटले, पहिल्या पानावर जो शब्द अडेल त्याच्याखाली रेघ मारा, थांबू नका. पान सुमारे अडीचशे शब्दांचे होते; रेघा निघाल्या एकतीस. म्हणजे दर आठ शब्दांमागे एक खड्डा. अशा रस्त्यावर बैलगाडीही झोप आणणार नाही, मोडून पडेल. पण माणसाचे मन मोडण्याआधी झोपी जाते, एवढाच फरक.

पाटी एका गावाची आणि जमीन दुसऱ्या गावाची, हा प्रकार येथे होता. ‘अब्रिज्ड’ म्हणजे संक्षिप्त. मूळ ग्रंथाला कात्री लावून लांबी कमी केलेली. परंतु कात्रीतून वाचलेली वाक्ये बहुधा मूळचीच राहतात, त्यांतील दुर्मीळ शब्दही राहतात, आणि वर पाच प्रकरणांचा मजकूर एका प्रकरणात कोंबल्यामुळे जे प्रसंग एकमेकांचा अर्थ उलगडून दाखवीत होते ते नाहीसे होतात; त्यामुळे कित्येक वेळा संक्षेप मूळ ग्रंथापेक्षा अधिक दुर्बोध होतो. ज्याला ग्रेडेड रीडर म्हणतात ते श्रेणीबद्ध वाचन-पुस्तक ही वस्तू सर्वस्वी वेगळी आहे. तेथे लेखकाला आधी शब्दांची एक फेरिस्त बांधून दिलेली असते, कोणत्या काळाची क्रियापदे आणि कोणत्या धाटणीची गौण वाक्ये वापरावीत याचाही जाबता ठरलेला असतो, आणि त्या मर्यादेत राहून कथा नव्याने सांगावी लागते. ही कल्पना साहेबाच्या देशात जन्मली असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः तिची पहिली ठळक घडण १९२० च्या दशकात आपल्याच उपखंडात, ढाक्याला झाली. मायकेल वेस्ट नावाचे एक शिक्षणाधिकारी तेथील अध्यापक विद्यालयात होते. बंगाली विद्यार्थ्याला इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचण्याची गरज अधिक आहे, आणि त्याच्या हाती दिलेली पुस्तके निष्कारण अवघड शब्दांनी भरलेली आहेत, असे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्यांनी मोजक्या शब्दांत वाचनमाला रचल्या. पुढे १९५३ साली त्यांनी सुमारे दोन हजार नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची जी यादी प्रसिद्ध केली, तिची छाया आजच्या अशा बहुतेक पुस्तकांवर पडलेली दिसते.

पुस्तक श्रेणीबद्ध आहे की नुसते छाटलेले, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. मलपृष्ठावर पायरीचा क्रमांक आणि तीत वापरलेल्या मूळ शब्दांची संख्या, ज्यांना ते हेडवर्ड म्हणतात, दिलेली असते; नसेल तर ते पुस्तक या जातीचे नव्हे असे खुशाल समजावे. क्रमांकावर मात्र भरवसा ठेवू नये. ऑक्सफर्डच्या बुकवर्म्स मालेतील चौथी पायरी १४०० शब्दांची आहे, आणि केंब्रिजच्या मालेतील चौथी १९०० शब्दांची. तेव्हा एका घरच्या चौथ्या पायरीवरून दुसऱ्या घरच्या चौथ्या पायरीवर पाय टाकणारा मनुष्य पाचशे शब्दांची उडी मारतो आणि धडपडल्यावर स्वतःच्या बुद्धीला दोष देतो. संख्या पाहावी.

आणि संख्येपेक्षाही विश्वासू साक्षीदार म्हणजे आपली स्वतःची बोटे. पुस्तक मध्यावर उघडावे, सुरुवातीला नव्हे, कारण पहिले पान सर्वच लेखक सजवून लिहितात. अडीचशे शब्दांचे एक पान वाचावे आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटावे. पाच बोटांच्या आत पान संपले तर शंभरात अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे आहेत असा त्याचा अर्थ. ह्यू आणि नेशन या दोघा अभ्यासकांनी २००० साली केलेल्या प्रयोगात हेच प्रमाण निघाले होते: कोणाच्याही मदतीवाचून गोष्ट नीट कळावयाची तर पन्नास शब्दांमागे एकाहून अधिक अनोळखी शब्द बहुतेकांना पेलत नाही, आणि पाचांमागे एक अनोळखी झाला की कोणालाच पुरेसे काही कळत नाही. दुसऱ्या हाताची बोटे लागली, तर ते पुस्तक अभ्यासाचे. कोश आणि शिक्षक जवळ घेऊन दिवसाला दोन पाने वाचण्याचे. तेही निरुपयोगी नाही. परंतु त्याला वाचन म्हणू नये.

आमच्या फिटरसाठी मी सीताबर्डीवरील जुन्या पुस्तकांतून बुकवर्म्सच्या तिसऱ्या पायरीची, म्हणजे हजार शब्दांची, चार पुस्तके आणली. त्यांपैकी तीन अभिजात कादंबऱ्यांची सुलभ रूपे होती. चौथे, टिम व्हिकरी यांचे ‘केमिकल सीक्रेट’, हे मुळातच या पायरीसाठी लिहिलेले होते. बोटांच्या कसोटीस चारही उतरली. त्याने पहिल्याने ‘प्रिझनर ऑफ झेंडा’ नेले, आणि पुढच्या शनिवारी परत आणून ठेवले. शब्द सगळे येत होते, पण राजा कोण आणि तोतया कोण, या देशात दुसऱ्या देशाचा मनुष्य कशाला आला, राज्याभिषेक झाला नाही तर काय बिघडेल, यातले काहीही त्याच्या मनाला चिकटत नव्हते. मग मी चौथे दिले. रंगाच्या कारखान्यात नोकरीला लागलेला एक गरजू शास्त्रज्ञ, मुलांच्या काळजीने घेतलेला पगार, कारखान्यातून नदीत जाणारे सांडपाणी, आणि ते विषारी आहे हे समजल्यावर बोलावे की गप्प बसावे हा पेच. सुमारे दहा हजार शब्दांचे ते पुस्तक त्याने तीन बैठकांत संपविले, त्यातली शेवटची बैठक सी शिफ्टवरून घरी आल्यावर पहाटेची.

सुलभ केलेली अभिजात कादंबरी आणि त्या पायरीसाठी नव्याने लिहिलेली कादंबरी यांत प्रौढ वाचकाने आरंभी दुसरी निवडावी, असे माझे तेव्हापासून ठाम मत झाले आहे. अभिजात ग्रंथाचे थोरपण बहुतांशी त्याच्या भाषेत असते, आणि सुलभीकरणात नेमकी तीच काढून घेतलेली असते. उरतो तो कथानकाचा सांगाडा, आणि तो शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या समाजाचा असल्यामुळे वाचकाला शब्दांबरोबर बग्ग्या, वारसाहक्क आणि सरदारघराण्यांचे नातेसंबंधही शिकावे लागतात. नव्याने लिहिणाऱ्याला ही अडचण नसते. तो आपल्या हजार शब्दांना शोभेल एवढीच गोष्ट निवडतो. विद्वानांना अशा पुस्तकांचे वाङ्मयीन मूल्य शून्य वाटते. वाटो. नोकरी आणि नदी यांच्यामधला पेच आमच्या ओसरीवर त्या दिवशी जितक्या तावातावाने चर्चिला गेला, तितका शाळेतल्या कोणत्याही धड्यावर झालेला मला आठवत नाही.

त्या चर्चेतच मला एक दोष सापडला, आणि तो केवळ या एका वाचकाचा नाही, आपणा मराठी वाचकांचा आहे. फिटरला घटना सर्व ठाऊक होत्या, परंतु त्यांचा क्रम तो अनेक ठिकाणी उलटा सांगत होता. खोलात गेल्यावर कारण निघाले ‘हॅड’ या चिमुकल्या शब्दात. ‘व्हेन ही रीच्ड द रिव्हर, दे हॅड टेकन द बोट अवे’ असे वाक्य मी त्याला लिहून दाखविले. तो म्हणाला, हा पोहोचला आणि त्यांनी नाव नेली. वस्तुतः नाव आधीच गेलेली होती. हा पोहोचला तेव्हा काठ रिकामा होता. आता मराठीत आपण ‘मी काल नागपूरला गेलो होतो’ असे सहज म्हणतो आणि त्यात कशाच्या तरी आधी गेल्याचा काही संकेत नसतो. ‘होतो’ हा आपल्याकडे साध्या भूतकाळाचाच सोबती आहे. तीच सवय घेऊन मराठी डोळा इंग्रजी पानावरून फिरतो आणि ‘हॅड’ला निरर्थक समजून ओलांडतो. बुकवर्म्स मालेत हा काळ तिसऱ्या पायरीपासून वापरात येतो, आणि रहस्यकथेत तर सारा उलगडा त्याच्यावरच टांगलेला असतो. असेच ‘ही सेड ही वुड कम’ या वाक्याचे. आपण ‘मी येतो असे तो म्हणाला’ असे त्याच्याच तोंडचे शब्द ठेवून सांगतो. त्यामुळे ‘वुड’ दिसला की मराठी वाचकाला त्यात ‘आला असता’ असा वास येतो, आणि जो मनुष्य खरोखर येणार आहे तो त्याच्या लेखी न आलेला ठरतो.

यावर मी व्याकरणाचा तास घेतला नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्याने त्यातील पाच-सहा घटना मराठीत, घडल्या त्या क्रमाने, वहीत लिहाव्यात एवढेच सांगितले. पुस्तकात सांगितल्या त्या क्रमाने नव्हे. क्रम चुकला की तो आपोआप मागे जाऊन ‘हॅड’ शोधू लागला. दोन पुस्तकांनंतर चूक दुर्मीळ झाली. कोशाविषयीही एकच नियम होता: प्रकरण संपेपर्यंत उघडावयाचा नाही, आणि संपल्यावर केवळ तेच शब्द पाहावयाचे जे तीन वेळा आडवे आले.

तथापि सर्वांत अधिक त्रास ज्यांनी दिला, ते शब्द कोशात पाहण्याचे त्याला सुचतच नव्हते. कारण ते त्याला पाचवीपासून येत होते. गेट, पुट, टेक, टर्न, मेक. आणि त्यांच्या शेपटीला लागलेले अप, डाउन, ऑफ, विथ. हजार शब्दांचे पुस्तक असे जेव्हा प्रकाशक म्हणतो, तेव्हा तो डोकी मोजतो, अर्थ मोजत नाही. ‘पुट’, ‘अप’ आणि ‘विथ’ ही तीनही डोकी पहिल्याच पायरीवर जमा असतात, पण तिघांनी मिळून ‘सहन करणे’ असा अर्थ केव्हा निर्माण केला याची नोंद त्या जमाखर्चात नीटशी सापडत नाही. एका शनिवारी तो पुस्तक मिटून मोठ्याने हसला. नायिकेने कोणाची तरी मागणी नाकारली होती. इंग्रजीत होते, ‘शी टर्न्ड हिम डाउन’.

“सर, बाईनं माणसाले लेथवर चढवलं काय?”

त्याच्या कारखान्यात टर्न डाउन करणे म्हणजे शाफ्ट लेथवर धरून त्याचा व्यास उतरविणे. ही थट्टा मला फार उपयोगी पडली. आम्ही एक निराळी वही केली आणि तीत फक्त असे जोडशब्द, ज्या वाक्यात भेटले त्या संपूर्ण वाक्यासह, नोंदवू लागलो. सुटा शब्द आणि समोर मराठी अर्थ, अशी शाळकरी मांडणी करावयाची नाही. आठ महिन्यांत वहीत एकशे चाळीस नोंदी झाल्या, आणि तेवढ्या मुदतीत त्याने तिसऱ्या व चौथ्या पायरीची चौदा पुस्तके वाचली. आरंभी घड्याळ लावून पाहिले तेव्हा तो मिनिटाला पासष्ट शब्द वाचत होता. आता एकशे वीस वाचू लागला. गती वाढली हे मला घड्याळाआधी त्याच्या ओठांवरून समजले. ते हलावयाचे थांबले होते.

येथे माझ्याकडून एक प्रमाद घडला. तो पाचव्या पायरीवर स्थिर होता होता मला वाटले, आता कृत्रिम पाण्यातून बाहेर काढून याला खऱ्या नदीत सोडावे. आणि मी त्याला व त्याच्याबरोबरच्या दोघांना ऑर्वेलचे ‘अ‍ॅनिमल फार्म’ दिले. पुस्तक लहान, वाक्ये स्वच्छ, गोष्ट प्राण्यांची. साठ रुपयांच्या डिकन्सला हसणारा मी पुन्हा जाडीवरच भुललो होतो. पहिल्याच परिच्छेदात कोंबड्यांच्या खुराड्याचे पॉपहोल आणि स्वयंपाकघरामागची स्कलरी, असे शब्द वाचकाच्या वाटेत उभे. ज्यांची त्याला पुढे आयुष्यात गरज नाही, आणि जे येथे न समजता पुढे जावे असा विश्वास अजून ज्याच्यात आलेला नाही. त्यापुढे बंड, ठराव, घोषणा, कटकारस्थाने यांची राजकीय परिभाषा. आणि या सर्वांखाली, ज्याला रशियाचा इतिहास ठाऊक नाही त्याला दिसणारच नाही असा उपहास. तिघांपैकी दोघे पुढचे दोन महिने ओसरीवर फिरकले नाहीत. तलाठी भाऊसाहेब त्यांपैकी एक. ते पुढे कधीच आले नाहीत, आणि त्याचा दोष मी माझ्याच खाती टाकतो.

प्रमादाचे कारण पुढे उमगले. श्रेणीबद्ध मालेची शेवटची पायरी अडीच ते तीन हजार, फार तर अडतीसशे शब्दांवर संपते. आणि पॉल नेशन यांनी २००६ साली केलेल्या गणनेनुसार सामान्य इंग्रजी कादंबरी पन्नासात एकाच अनोळखी शब्दानिशी वाचावयाची तर आठ ते नऊ हजार शब्दकुलांची ओळख लागते. शिडी जेथे संपते तेथून माडी बरीच वर आहे. मधली पोकळी शब्द पाठ करून भरणारे कोणी मी पाहिले नाही. ती भरण्याचा एकच उपाय माझ्या अनुभवास उतरला: भाषा अनोळखी असेल तर निदान जग ओळखीचे असावे.

म्हणून मी आर. के. नारायण यांच्याकडे वळलो. त्यांची ‘अ‍ॅन अ‍ॅस्ट्रॉलॉजर्स डे’ ही कथा फिटरला दिली, तेव्हा बोटे मिटली ती बारा. म्हणजे कसोटीने ती नापास. तरीही मी ती त्याच्याकडून परत घेतली नाही. झाडाखाली कवड्या, पोथ्या आणि राशींचे तक्ते मांडून बसलेला ज्योतिषी, भाळावरचे भस्म आणि कुंकू, शेजारचा शेंगदाणेवाला आणि त्याच्या दिव्याचा उजेड. यांतल्या निम्म्या वस्तूंची इंग्रजी नावे त्याला येत नव्हती, पण वस्तू तो भंडाऱ्याच्या बाजारात लहानपणापासून पाहत आला होता, आणि म्हणून बारांपैकी आठ शब्द त्याने कोशावाचून हुडकले. मग आला कथेचा गाभा. गिऱ्हाईक बनून आलेला मनुष्य आपल्या शत्रूच्या शोधात आहे; ज्योतिषी त्याला त्याच्या पूर्वायुष्यातील सुऱ्याची आणि विहिरीची हकिकत अचूक सांगतो, तुझा शत्रू लॉरीखाली सापडून मेला असे सांगून घरी परत पाठवितो; आणि रात्री बायकोला म्हणतो, एका माणसाचा खून आपल्या हातून झाला असे इतकी वर्षे वाटत होते, ते ओझे आज उतरले. सारी कथा काल-परवाच्या त्या ‘हॅड’वर उभी आहे. फिटरने शेवट वाचला, मागे गेला, मधले एक पान पुन्हा वाचले, आणि म्हणाला, “म्हंजे यानंच त्याले विहिरीत ढकललं होतं.” हे ‘होतं’ मात्र त्या दिवशी मराठीतही पूर्ण भूतकाळाचे होते.

त्यानंतर मालगुडीच्या कथा, मग ‘स्वामी अँड फ्रेंड्स’, मग रस्किन बाँड यांची ‘ब्लू अम्ब्रेला’. या सर्वांचा तपशील देत बसत नाही. बाँड नारायणांपेक्षा सोपे आहेत, असे सांगितले म्हणजे पुरे. क्रम उलटा ठेवला असता तर बरे झाले असते. ‘स्वामी’मधला उपरोध त्याच्या हातून पुष्कळ निसटला, पण शाळा, परीक्षा आणि क्रिकेट यांनी त्याला तारून नेले.

गेल्या पावसाळ्यात त्याने आपण होऊन हेमिंग्वेचे ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ मागितले. मी का-कू केली. या पुस्तकाची ख्याती सोपे म्हणून आहे, आणि ती अर्धीच खरी आहे; वाक्ये ‘अँड’ने जोडलेली, सरळ, परंतु होडीचे भाग, दोर, गळ, वल्ही, समुद्रातले जीव यांची नावे पानोपानी, आणि मधूनच त्या म्हाताऱ्याच्या तोंडी बेसबॉलच्या खेळाडूंच्या गप्पा. शिकलेल्या शहरी वाचकांना मी तेथे ‘गॅफ’ या शब्दाशी अडलेले पाहिले आहे. आमचा फिटर त्या पानावर अडला नाही. मी मुद्दाम विचारले, तर त्याने हात पुढे करून मनगट वळवून दाखविले: “मोठा मासा डोंग्यात ओढाले आकडा लागते ना सर, तो. बाबाजवळ हाय.” स्किफ म्हणजे डोंगा, हेही त्याने असेच ठरवून टाकले होते. बेसबॉलची पाने त्याने ओलांडली आणि मीही ती वाचण्याचा आग्रह धरला नाही. सत्तावीस हजारांच्या आसपास शब्दांचे ते पुस्तक, शिफ्ट सांभाळून, त्याने तेवीस दिवसांत पूर्ण केले. श्रेणीबद्ध नसलेले, छाटलेले नसलेले, लेखकाने लिहिले तसे.

पु. ल. देशपांडे यांनी केलेला त्याचा अनुवाद, ‘एका कोळियाने’, माझ्या कपाटात होता. पण तो मी त्याला आधी दिला नाही, कारण मराठी आधी वाचली की इंग्रजी पानावर डोळा नुसता ओळखीच्या खुणा शोधीत धावतो, असा माझा अनुभव आहे. दिवाळीत दिला. तो त्याने घरी नेऊन वडिलांना वाचून दाखविला. चौऱ्यांशी दिवस मासा मिळाला नाही तरी पंच्याऐंशीव्या दिवशी म्हातारा एकटा इतका दूर का गेला, यावर वडिलांनी हरकत घेतली. एवढ्या खोल पाण्यात एकट्याने जाणे हा त्यांच्या मते शुद्ध मूर्खपणा होता. मुलाने ही हरकत मला इंग्रजीतून लिहून दाखविली. अर्धे पान आहे. त्यात ‘हॅड’ दोनदा आला आहे, आणि दोन्ही ठिकाणी बरोबर आहे.